आधी केलेलं काम आणि नंतर दिलेला शब्द

कायद्याच्या पहिल्या वर्षाला करार कायदा शिकवताना एक प्रश्न दरवर्षी येतो. यंदा तो मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारला. "मॅडम, गाइडमध्ये लिहिलंय की प्रतिफल पुरेसं असलं पाहिजे. आणि त्याच ओळीत पुढे लिहिलंय की ते पुरेसं नसलं तरी चालतं. मग आम्ही पेपरात काय लिहायचं?" तिची काहीच चूक नव्हती. इंग्रजी पुस्तकांत तिथे दोन वेगळे शब्द आहेत, सफिशियंट आणि ॲडिक्वेट. मराठीत आणताना दोन्हींचं "पुरेसं" झालं आणि वाक्याचा अर्थच नाहीसा झाला. ती गाठ पुढे सोडवू. त्याआधी दुसरी गाठ सोडवायला हवी, कारण तिच्यात मुलं जास्त अडकतात. ती म्हणजे भूतकालीन प्रतिफल, पास्ट कन्सिडरेशन.

प्रतिफल हा पुस्तकी शब्द आहे. खरेदीखतात त्यालाच मोबदला म्हणतात. मी तुम्हाला काही देण्याचं वचन देते, त्याच्या बदल्यात तुमच्याकडून जे येतं ते प्रतिफल. पैसे, वस्तू, काम, एखादी गोष्ट न करणं, किंवा नुसतं उलट वचन, यातलं काहीही चालतं. बदल्यात काहीच नसेल तर दिलेला शब्द हा नुसता शब्द राहतो आणि तो मोडला तर कोर्ट पाळायला लावत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २५ मध्ये तसं स्पष्ट लिहिलं आहे, आणि त्याच कलमात अपवादही दिले आहेत. प्रतिफलाची व्याख्या मात्र कलम २(डी) मध्ये आहे. तिच्यातले दोन तुकडे मुलांनी अक्षरशः अधोरेखित करून ठेवावेत. पहिला तुकडा: वचन देणाऱ्याच्या इच्छेवरून. दुसरा: काही केलं आहे, किंवा करतो, किंवा करण्याचं वचन देतो. भूतकाळ, वर्तमानकाळ आणि भविष्यकाळ, तिन्ही त्या व्याख्येत आहेत.

आता एक गोष्ट घेऊ आणि तिच्यातला एकेक धागा बदलून पाहू. जुलै महिना आहे, नदीला पाणी चढतंय. काठावर अण्णांची पाण्याची मोटर आहे आणि अण्णा मुलीकडे मुंबईला गेलेत. शेजारच्या शेतातले तात्या रात्री बॅटरी घेऊन स्वतःची मोटर काढायला जातात. अण्णांची मोटरही बुडणार हे त्यांना दिसतं. ते दोन गडी बोलावतात, वायर सोडतात, मोटर दोरीने ओढून वर आणून ठेवतात. कुणी सांगितलेलं नसतं. दोन दिवसांनी अण्णा परततात, मोटर कोरडी बघून त्यांना भरून येतं आणि ते म्हणतात, "तात्या, तुम्ही होता म्हणून वाचलो. तुम्हाला पाच हजार देतो." पुढे महिने जातात आणि पाच हजार येत नाहीत. तात्यांना ते मागता येतील का?

इंग्लंडच्या कायद्यात याचं उत्तर "नाही" असं येतं. तिथली कल्पना अशी की प्रतिफल ही वचनाची किंमत असते. किंमत द्यायची तर सौदा समोर असायला हवा. तात्यांनी मोटर काढली तेव्हा समोर सौदा नव्हता, वचन नव्हतं, काही नव्हतं. जे आधीच होऊन गेलं त्याने नंतरचं वचन विकत घेता येत नाही. १९५१ च्या मॅकार्डल खटल्यात हेच झालं. वडिलांनी घर आधी आईला तिच्या हयातीपुरतं आणि तिच्यानंतर मुलांना ठेवलं होतं. त्या घरात राहणाऱ्या एका सुनेने पदरचे पैसे घालून घराची दुरुस्ती केली. नंतर भावंडांनी कागदावर सह्या करून तिला ४८८ पौंड द्यायचं कबूल केलं. कागदाची भाषा अशी होती की जणू ती पुढे काम करणार आहे आणि त्याबद्दल हे पैसे आहेत. पण काम तर आधीच पुरं झालं होतं. कोर्टाने कागदाची भाषा बाजूला ठेवून कामाची तारीख पाहिली, आणि तिला करार म्हणून काही मिळालं नाही.

भारतात तात्यांना पैसे मागता येतात. पण का मागता येतात, इथेच मुलं घसरतात. दहातल्या सात उत्तरपत्रिकांत एकच वाक्य असतं: "भारतात भूतकालीन प्रतिफल चालतं, म्हणून करार वैध." शेवटचा निकाल बरोबर आणि कारण चूक. तात्यांनी मोटर अण्णांच्या इच्छेवरून काढलेली नाही, स्वतःहून काढली. म्हणजे २(डी) चा पहिला तुकडाच जुळत नाही. ते प्रतिफलच नाही, ना भूतकाळातलं ना आजचं. तात्यांना वाचवतं ते कलम २५ चं दुसरं पोटकलम: ज्याने वचन देणाऱ्यासाठी आधीच स्वेच्छेने काही केलं आहे, त्याला पूर्ण किंवा अंशतः भरपाई देण्याचं वचन प्रतिफल नसतानाही बंधनकारक होतं. कायद्यातच उदाहरण दिलं आहे. एकाला दुसऱ्याचं पाकीट सापडतं, तो ते परत देतो, मालक पन्नास रुपये द्यायचं कबूल करतो. हा करार आहे. मुलांना हे पाकीट पाठ असतं, पण ते प्रतिफलाचं उदाहरण म्हणून लिहितात. ते प्रतिफल नसल्याचं उदाहरण आहे, आणि तरीही वचन बंधनकारक का, याचं.

हे पोटकलम लेखी कागद मागत नाही. तोंडी वचन पुरतं, सिद्ध करता आलं म्हणजे झालं. याच कलमातल्या बाकीच्या दोन अपवादांचं तसं नाही. जवळच्या नात्यातल्या माणसाला मायेपोटी दिलेलं वचन लेखी आणि नोंदणीकृत लागतं, आणि मुदतबाह्य झालेलं कर्ज फेडण्याचं वचन लेखी आणि सहीचं लागतं. अण्णांचं वचन या दोन्हींत बसत नाही, म्हणून तात्यांनी कागद नाही म्हणून गप्प बसण्याचं कारण नाही.

आता पहिला धागा बदलू. पाणी चढतंय हे अण्णांना मुंबईत कळतं आणि ते रात्री फोन करतात, "तात्या, तेवढी माझीही मोटर काढा." पैशाचं बोलणं होत नाही. मोटर निघते. दोन दिवसांनी येऊन अण्णा पाच हजारांचा शब्द देतात. आता विनंती आधी, काम नंतर, आणि वचन सगळ्यात शेवटी. इथे २(डी) सरळ लागू होतं. अण्णांच्या इच्छेवरून तात्यांनी काम केलं आहे, व्याख्येतला भूतकाळ नेमका यासाठीच आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १८९५ मध्ये सिंधा श्री गणपतसिंगजी विरुद्ध अब्राहम या खटल्यात हाच मार्ग धरला. तिथे एकाने दुसऱ्याच्या सांगण्यावरून त्याची सेवा केली होती, सेवा घेणारा अज्ञान असताना आणि पुढे सज्ञान झाल्यावरही. मग सेवा घेणाऱ्याने दरवर्षी ठरावीक रक्कम देण्याचं वचन दिलं. झालेली सेवा त्या वचनाचं चांगलं प्रतिफल आहे असं न्यायालय म्हणालं, कारण ती त्याच्या इच्छेवरून झाली होती. भूतकालीन प्रतिफल भारतात चालतं हे वाक्य खरं ठरतं ते इथे.

या दुसऱ्या गोष्टीत इंग्लंडही थोडं मऊ होतं. १६१५ चा लॅम्पली विरुद्ध ब्रेथवेट हा खटला मला फार आवडतो. ब्रेथवेटच्या हातून माणूस मेला होता. राजाकडून माफी मिळवण्यासाठी खटपट कर, अशी त्याने लॅम्पलीला गळ घातली. लॅम्पलीने आपल्या खर्चाने दिवसेंदिवस प्रवास करून ती केली. नंतर ब्रेथवेटने १०० पौंडांचा शब्द दिला आणि तो फिरवला. विनंती आधी होती म्हणून नंतरचा शब्द तिलाच जोडून घेतला गेला आणि लॅम्पली जिंकला. आज तिथे या सवलतीला तीन अटी आहेत. १९७९ च्या पाओ ऑन खटल्यात त्या नीट मांडल्या गेल्या: काम वचन देणाऱ्याच्या विनंतीवरून झालेलं असावं, त्याचा मोबदला मिळणार हे दोघांनी तेव्हाच गृहीत धरलेलं असावं, आणि तेच वचन आधी दिलं असतं तर ते बंधनकारक झालं असतं असं असावं. दुसरी अट बघा. शेजारी शेजाऱ्याला "मोटर काढा" म्हणतो तेव्हा पैशाचं कुणाच्या मनातही नसतं. म्हणून इंग्लंडमधले तात्या फोन येऊनही बहुधा हरतील. आपल्या २(डी) मध्ये ती अट लिहिलेली नाही. इंग्रजी पुस्तक आणि भारतीय कलम एकाच उत्तरात मिसळलं की पेपर बिघडतो तो असा.

आणखी एक धागा. समजा ना अण्णांनी फोन केला, ना तात्यांनी स्वतःहून मनावर घेतलं. गावातल्या एका मोठ्या अधिकाऱ्याने तात्यांना सांगितलं, "नदीकाठ साफ ठेवा, सगळ्यांच्या मोटरी वर घ्या," आणि त्याचा शब्द म्हणून तात्यांनी काम केलं. नंतर अण्णांनी पैसे कबूल केले. आता काय? १८८० चा अलाहाबादचा दुर्गा प्रसाद विरुद्ध बलदेव हा खटला अगदी असाच आहे. वादीने कलेक्टरच्या सांगण्यावरून स्वखर्चाने बाजार बांधला. तिथे दुकानं घेतलेल्यांनी नंतर त्याला विक्रीवर कमिशन द्यायचं कबूल केलं आणि दिलं नाही. न्यायालय म्हणालं, बाजार बांधला गेला तो कलेक्टरच्या इच्छेसाठी, दुकानदारांच्या नाही. दुकानदारांचा फायदा झाला, पण फायदा होणं आणि इच्छेवरून होणं या दोन गोष्टी आहेत. म्हणून २(डी) नाही. आणि काम दुकानदारांसाठी केलेलंही नव्हतं, म्हणून कलम २५ चा अपवादही हाताला लागत नाही.

इथे एक गैरसमज मी मुद्दाम काढून टाकते, कारण तो हुशार मुलांनाही होतो. समजा पूर येण्याआधीच अण्णांनी चावडीवर सांगून ठेवलं होतं, "मी नसताना जो माझी मोटर काढेल त्याला पाच हजार." तात्यांनी ते ऐकून मोटर काढली आणि आता पैसे मागतायत. मुलं म्हणतात, काम होऊन गेलंय, म्हणजे हे भूतकालीन. नाही. इथे वचन आधी आहे आणि काम त्या वचनाच्या उत्तरादाखल झालेलं आहे. याला पूर्ण झालेलं प्रतिफल म्हणतात, एक्झिक्युटेड. ते इंग्लंडमध्येही बिनदिक्कत चालतं. काम आणि पैसे मागण्याची तारीख यांची तुलना करायची नसते. काम आणि वचन यांची करायची असते. किराणा दुकानातून तुम्ही वहीवर साखर आणता आणि पगार झाल्यावर पैसे देता, तेव्हा साखर कधीच संपलेली असते. तरी ते भूतकालीन प्रतिफल होत नाही, कारण पैसे देण्याचं वचन साखर उचलतानाच दिलेलं असतं. तोंडाने बोलला नाहीत तरी.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे. मी वर्गात फळ्यावर "पुरेसं" हा शब्द लिहून त्यावर फुली मारते आणि त्याच्या जागी दोन वेगळे शब्द देते. सफिशियंटसाठी "खरं": प्रतिफल म्हणून जे दाखवलं जातंय ते कायद्याच्या नजरेला काहीतरी असलं पाहिजे. ॲडिक्वेटसाठी "रास्त": त्याची किंमत समोरच्या वस्तूच्या तोलाची असणं. मग नियम असा वाचायचा: प्रतिफल खरं हवं, रास्त नसलं तरी चालेल.

खरं नसणं म्हणजे काय, ते दोन खटल्यांत छान दिसतं. १८५३ च्या व्हाइट विरुद्ध ब्लूएट खटल्यात मुलाने वडिलांकडून वचनचिठ्ठीवर पैसे घेतले होते. वडील गेल्यावर ते मागितले गेले तेव्हा मुलगा म्हणाला, वडिलांनी मला कर्जमाफी कबूल केली होती, बदल्यात मी वाटणीबद्दल कुरकुर करायची थांबवणार होतो. न्यायालयाने ते मानलं नाही. वडिलांची संपत्ती, ती कशी वाटायची हे त्यांच्या मर्जीवर. मुलाला तक्रारीचा हक्कच नव्हता, मग हक्क सोडला असं कसं म्हणायचं? दुसरा खटला आपल्याकडचा, मुंबईचा, १८७७ चा, रामचंद्र चिंतामण विरुद्ध काळू राजू. वकिलाने नेहमीची फी घेऊन वकालतनामा स्वीकारला होता. नंतर पक्षकाराने खटला जिंकलास तर इतकं इनाम देईन असं कबूल केलं. इनाम मिळालं नाही, कारण खटला जीव ओतून लढणं हे वकिलाचं कर्तव्यच होतं. जे आधीच करायला बांधलेले आहात, तेच पुन्हा देऊन नवं वचन मिळवता येत नाही.

या दोन्ही ठिकाणी मोबदला "कमी" नव्हता, मुळात नव्हताच. याउलट १९६० चा चॅपेल विरुद्ध नेस्ले हा खटला. चॉकलेटची तीन वेष्टनं आणि दीड शिलिंग पाठवा, गाण्याची रेकॉर्ड मिळवा, अशी योजना होती. आलेली वेष्टनं कंपनी फेकून द्यायची. तरीही ती वेष्टनं प्रतिफलाचा भाग आहेत असं हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवलं. कंपनीने ती मागितली होती, तेवढं पुरे. त्यांचं बाजारात काय मोल आहे हा न्यायालयाचा प्रश्न नव्हता.

आपल्या कायद्यात कलम २५ च्या दुसऱ्या स्पष्टीकरणात हेच आहे आणि उदाहरण घोड्याचं आहे. हजार रुपयांचा घोडा मालक दहा रुपयांना विकायचं कबूल करतो. संमती खुशीची असेल तर करार पक्का. पण लगेच पुढे तोच घोडा, तेच हजार आणि दहा, फक्त मालक म्हणतो की मी खुशीने हो म्हटलं नव्हतं. आता किमतीतली तफावत न्यायालयाने विचारात घ्यायची. मुलं पहिलं उदाहरण लिहून थांबतात. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय नियम कळत नाही.

जमिनीच्या व्यवहारात हे जवळून पाहू. एका आत्याबाईंचा बारा लाखांचा प्लॉट भाच्याने एक लाखाला घेतला. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवताना मुद्रांक शुल्क एक लाखावर लागत नाही, बाजारमूल्यावर लागतं. त्यासाठी सरकारी दरतक्ता असतो, ज्याला सगळे रेडी रेकनर म्हणतात. लोकांना वाटतं, सरकारने बारा लाख धरले म्हणजे एक लाखाचा व्यवहार बेकायदा. तसं नाही. रेडी रेकनर सरकारचा महसूल ठरवतो, तुमच्या कराराची वैधता नाही. खरेदीखतात शेवटी ओळ असते, "सदर मोबदला भरून पावले, त्याबाबत माझी काही तक्रार नाही." आत्याबाईंनी मनापासून, भाचा आपला म्हणून, एक लाखात दिलं असेल तर खरेदीखत उभं राहतं. उद्या त्यांच्या मुलांनी किंमत कमी होती एवढ्यावर दावा लावला तर तेवढ्यावर तो टिकायचा नाही.

आता धागा बदला. आत्याबाई सहा महिने अंथरुणाला खिळलेल्या. औषधं, बँक, घर, सगळं भाच्याच्या हातात. दस्त त्यांना वाचून दाखवला नाही, सही घेतली. आता एक लाख आणि बारा लाख यांच्यातलं अंतर बोलायला लागतं. कलम १६ सांगतं की एकाचं दुसऱ्याच्या इच्छेवर वर्चस्व असेल आणि व्यवहार बघताक्षणी अन्यायाचा वाटत असेल, तर अनुचित प्रभाव नव्हता हे वर्चस्व असणाऱ्याने सिद्ध करायचं. म्हणजे पुराव्याचा भार आत्याबाईंवरून भाच्याकडे सरकतो. कमी किंमत इथे स्वतः दोष नाही, ती पुरावा आहे. आणि भाच्याला ते सिद्ध करता आलं नाही तरी करार आपोआप रद्द होत नाही. तो आत्याबाईंच्या मर्जीवर रद्द करण्याजोगा होतो. त्यांनी दावा लावावा लागतो, आणि दस्त रद्द करून घ्यायची मुदत खरी हकीकत कळल्यापासून तीन वर्षांची आहे.

आणि एक लाखाऐवजी शून्य असेल तर? पैसे दिले नाहीत, पुढे देण्याचंही ठरलं नाही, तर ती विक्रीच नाही, कारण विक्रीला किंमत लागते. मायेने द्यायचं असेल तर त्यासाठी नोंदणीकृत बक्षीसपत्र हा सरळ रस्ता आहे. एक लाखाला उत्तर "हो, खुशी असेल तर" आणि शून्याला उत्तर "नाही", यात मुलांना विसंगती वाटते. पण हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला "रास्त" चा, दुसरा "खरं" चा.

शेवटी पुन्हा नदीकाठी. अण्णांनी पाच हजारांऐवजी पन्नास हजारांचा शब्द दिला असता, मोटर वीस हजारांची असताना? फोन करून काम सांगितलेलं असेल तर न्यायालय रक्कम कापत बसणार नाही. अण्णा शुद्धीत, खुशीत बोलले का, एवढंच पाहिलं जाईल. तात्या स्वतःहून गेले असतील तर मात्र अण्णांच्या वकिलाला बोट ठेवायला एक शब्द आहे. कलम २५ चा तो अपवाद वचनाला "भरपाई" म्हणतो. दोन गड्यांची मजुरी आणि एका रात्रीची मेहनत यांची भरपाई पन्नास हजार होते का, हा वाद घालता येतो. तात्यांचा वकील पाकिटाकडे बोट दाखवेल: पाकीट परत करणाऱ्याचं तरी पन्नास रुपयांचं नुकसान कुठे झालं होतं?